धूसर चित्रावरून अंतर मोजणारा शिकारी

माशीवर झेप घ्यायची तर माशी नेमकी किती लांब आहे हे आधी कळायला हवे. झेप कमी पडली तर माशी सावध होऊन उडून जाते आणि जास्त झाली तर शिकारी तिच्या पलीकडे जाऊन पडतो. एकदा पाय भिंतीवरून सुटले की हवेत दिशा किंवा वेग बदलायला फारसा वाव नसतो. म्हणजे सगळा हिशेब उडीच्या आधीच पुरा व्हावा लागतो. आपल्या घराच्या भिंतींवर, खिडकीच्या चौकटीवर, कुंड्यांच्या कडेने फिरणारा, जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर लांबीचा एक कोळी हा हिशेब रोज करतो, आणि तो कसा करतो हे माणसाला २०१२ साली उलगडले.

शास्त्रीय नाव हसारियस अ‍ॅडन्सोनी. जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत तो माणसाच्या वस्तीच्या आश्रयाने राहतो, भारतातही सर्रास आढळतो. मादी तपकिरी असते. नर काळसर, अंगावर पांढरे पट्टे असलेला आणि तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांची टोके पांढरी असलेला. उडी मारणाऱ्या कोळ्यांचे हे कुळ, सॅल्टिसिडी, कोळ्यांमधले सर्वांत मोठे आहे. त्यात ६,०००हून अधिक जातींची नोंद झाली आहे. ठाण्याच्या परिसरात सापडलेल्या याच कुळातल्या एका नव्या जातीला २०२१ साली इसियस तुकारामी असे नाव देण्यात आले, ते २६/११च्या हल्ल्यात हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

कोळी म्हटले की जाळे, असे आपण धरून चालतो. जाळे विणणाऱ्या कोळ्याला नीट दिसण्याची गरजही फारशी नसते. किडा जाळ्यात अडकला की धागे थरथरतात, ती थरथर पायांना कळते आणि तेवढे त्याला पुरते. उडी मारणाऱ्या कोळ्यांनी, काही मोजके अपवाद सोडले तर, शिकारीसाठी जाळे विणणेच सोडून दिले आहे. त्यांना रेशीम काढता येते; झोपण्यासाठी, कात टाकण्यासाठी आणि अंडी घालण्यासाठी ते रेशमाची छोटी पिशवी विणतात. पण भक्ष्य आपणहून येऊन अडकेल याची वाट ते पाहत बसत नाहीत. ते भक्ष्य शोधतात, त्याच्याकडे जातात आणि झडप घालतात. हे सारे डोळ्यांच्या जोरावर चालते, म्हणून आधी डोळ्यांकडेच वळू.

या कोळ्याला आठ डोळे. समोरून पाहिले तर मधोमध दोन मोठे, गोल, चकचकीत डोळे दिसतात, आणि त्यांच्याचमुळे या प्राण्याला चेहरा असल्यासारखा वाटतो. हे मुख्य डोळे. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मध्यम आकाराचा डोळा असतो. उरलेले चार डोक्याच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूकडे. त्यांतले दोन बहुतेक जातींमध्ये अगदीच बारीक असतात. बाजूचे आणि मागचे डोळे मिळून जवळजवळ सगळ्या दिशांवर नजर ठेवतात, पण त्यांना प्रामुख्याने हालचाल कळते. काहीतरी हलले, कुठे हलले, एवढे ते सांगतात. ते काय आहे, हे ठरवण्याचे काम मुख्य डोळ्यांचे.

मुख्य डोळ्याची रचना विलक्षण आहे. बाहेरून दिसते ते भिंग कोळ्याच्या टणक कवचाचाच भाग असते, त्यामुळे ते हलू शकत नाही. त्याच्या मागे एक लांब, अरुंद नळी डोक्यात खोलवर गेलेली असते आणि नळीच्या टोकाशी दृष्टिपटल, म्हणजे प्रकाश टिपणारा पडदा. लांब नळीमुळे चित्र मोठे आणि स्पष्ट पडते. एवढ्याशा प्राण्याच्या मानाने थक्क करणारे स्पष्ट. पोर्शिया नावाच्या उडी मारणाऱ्या कोळ्याची नजर कुठल्याही ज्ञात कीटकापेक्षा तीक्ष्ण आहे. पण या स्पष्टतेची किंमत मोजावी लागते. मुख्य डोळ्याला एका वेळी समोरच्या दृश्याची फक्त एक अरुंद उभी पट्टीच दिसते. भिंग हलत नाही, म्हणून कोळी नळीची मागची बाजू हलवतो. प्रत्येक नळीला सहा स्नायू असतात, आणि त्यांच्या साहाय्याने दृष्टिपटल डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरकते, इतकेच नव्हे तर स्वतःभोवती थोडे फिरतेही. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी १९६९ साली या हालचालींचे बारकाईने वर्णन केले. कोळी नवी वस्तू पाहतो तेव्हा त्याची दृष्टिपटले तिच्यावरून हळूहळू मागेपुढे सरकत आणि वळत जातात, जणू तिच्या कडा चाचपून पाहत आहेत. ज्या जातींचे अंग अर्धपारदर्शक असते त्यांच्यात हे बाहेरूनही दिसते: दृष्टिपटल आपल्या दिशेने वळले की डोळा काळा दिसतो, दुसरीकडे वळले की फिका.

अरुंद पट्टीतून पाहणाऱ्या डोळ्याला हे कोण सांगते, की आता इकडे बघ? याचे उत्तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात एलिझाबेथ जेकब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दिले. त्यांच्या यंत्रात कोळ्याच्या डोक्यात अवरक्त प्रकाश सोडून आतली दृष्टिपटले कुठे वळत आहेत ते टिपता येते. पडद्यावर एखादा ठिपका सरकू लागला की मुख्य डोळ्यांची नजर त्याच्या मागोमाग जाते. पण पुढचे बाजूचे दोन डोळे झाकले, की मुख्य डोळ्यांना सरकत्या ठिपक्याचा पाठलाग करता येत नाही. म्हणजे बाजूचे डोळे हालचाल पकडून दिशा दाखवतात आणि मुख्य डोळे त्या जागी जाऊन निरखतात.

आता अंतराचा प्रश्न. माणसाला जवळचे अंतर कळते ते मुख्यतः दोन डोळ्यांमुळे: दोन्ही डोळ्यांना वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. शिवाय जवळची वस्तू पाहताना आपल्या डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो, तोही थोडा अंदाज देतो. टोळासारखे कीटक झेप घेण्याआधी अंग डावीकडे-उजवीकडे डोलवतात. जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा जास्त सरकल्यासारखी दिसते आणि त्यावरून त्यांना अंतर कळते. यांपैकी एकही युक्ती आपल्या कोळ्याच्या मुख्य डोळ्यांना लागू पडत नाही. भिंग कवचात घट्ट बसलेले, त्याचा आकार बदलणार कसा? दोन मुख्य डोळ्यांच्या अरुंद पट्ट्या एकमेकींवर पुरेशा पडत नाहीत. आणि उडीच्या आधी कोळी डोलत नाही, उलट अगदी स्थिर होतो.

शिल्लक होते ते पुढचे बाजूचे डोळे. त्यांची नजर समोर एकमेकींवर येते, तेव्हा अंतर तेच मोजत असतील अशी शंका रास्त होती. जपानमधल्या ओसाका सिटी विद्यापीठातल्या अकिहिसा तेराकिता यांच्या गटाने ती तपासली. त्यांनी हसारियस अ‍ॅडन्सोनीचे बाजूचे डोळे झाकले आणि कोळ्याला भक्ष्यावर उडी मारू दिली. उडी बरोबर पडली. मग दोन मुख्य डोळ्यांपैकीही एक झाकला. उरलेल्या एकाच मुख्य डोळ्यावर कोळ्याने पुन्हा बरोबर उडी मारली. याचा अर्थ अंतराची माहिती त्या एका, न हलणाऱ्या भिंगाच्या डोळ्यातच कुठेतरी दडलेली होती.

ती दडली होती दृष्टिपटलाच्या थरांत. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा एकच थर असतो. या कोळ्याच्या मुख्य डोळ्यात एकामागे एक असे चार थर आहेत. याचे एक कारण समजायला सोपे आहे. साध्या भिंगातून जाणारे सगळे रंग एकाच जागी एकवटत नाहीत. अतिनील किरण भिंगाच्या जवळ एकवटतात, हिरवे थोडे मागे, तांबडे त्याहून मागे. म्हणून भिंगाला जवळचे थर अतिनील प्रकाश टिपतात आणि सर्वांत मागचा थर हिरवा, ही मांडणी अगदी सयुक्तिक वाटते. कोड्यात टाकणारा होता तो मागून दुसरा थर. तेराकिता यांच्या गटाला आढळले की या थरातल्या पेशींमध्येही सर्वांत मागच्या थरासारखेच हिरवा प्रकाश टिपणारे रंगद्रव्य आहे. पण हिरव्या प्रकाशाचे स्पष्ट चित्र पडते ते सर्वांत मागच्या थरावर. मग दुसऱ्या थराला हिरवे चित्र कायम धूसरच मिळणार. स्पष्टतेसाठी एवढी लांब नळी बाळगणाऱ्या डोळ्यात, मुद्दाम धूसर चित्र पाहणारा एक अख्खा थर कशासाठी?

शाळेत असताना भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा उद्योग ज्यांनी केला आहे त्यांना याचे उत्तर हाताने ठाऊक आहे. भिंग कागदापासून ठरावीक अंतरावर धरले की उन्हाचा ठिपका बारीक आणि तीव्र होतो. कागद थोडा पुढे सरकवला की तोच ठिपका पसरतो. किती पसरला, यावरून कागद योग्य जागेपासून किती सरकला आहे हे सांगता येईल. कोळ्याच्या डोळ्यात पडदा जागचा हलत नाही, पण वस्तू जवळ आली की तिचे स्पष्ट चित्र भिंगापासून आणखी मागे सरकते. मागून दुसरा थर त्या जागेच्या पुढे आहे. त्यामुळे माशी जितकी जवळ, तितके स्पष्ट चित्र त्याच्यापासून लांब जाते आणि तितका त्याच्यावरचा ठिपका पसरट, धूसर होतो. माशी जितकी दूर, तितका धूसरपणा कमी. मागचा थर सांगतो की चित्र खरे कसे आहे आणि पुढचा थर सांगतो की ते किती धूसर झाले आहे. दोन्हींची तुलना केली की अंतर निघते. एकटे धूसर चित्र पुरले नसते, कारण वस्तूच्याच कडा मुळात अस्पष्ट आहेत की ती जवळ असल्याने तशी दिसते आहे, हे त्यावरून कळायला मार्ग नाही.

ही कल्पना कागदावर कितीही सुंदर असली तरी कोळी खरेच असे करतो हे दाखवणे वेगळे. त्यासाठी या गटाने जी कसोटी लावली ती मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत चोख भाग वाटतो. तांबडा प्रकाश हिरव्यापेक्षा मागे एकवटतो, हे वर आलेच आहे. मग कोळ्याला फक्त तांबड्या प्रकाशात ठेवले तर काय होईल? माशी आहे तिथेच राहील, पण तिचे चित्र आणखी मागे जाईल आणि दुसऱ्या थरावर ते नेहमीपेक्षा जास्त धूसर पडेल. जास्त धूसर म्हणजे जास्त जवळ. कोळी धूसरपणावरूनच अंतर मोजत असेल तर त्याला माशी आहे त्यापेक्षा जवळ वाटली पाहिजे आणि उडी आखूड पडली पाहिजे. उडी नुसतीच चुकून भागणार नव्हते. ती चुकण्याची दिशाही आधीच सांगितलेली होती.

हिरव्या प्रकाशात कोळ्यांनी अचूक उड्या मारल्या. तांबड्या प्रकाशात त्यांच्या उड्या आखूड पडल्या. हे संशोधन २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातही शास्त्रज्ञांनी हाताचे राखूनच लिहिले: ही यंत्रणा आम्ही सुचवतो आहोत, असे त्यांचे शब्द होते. दोन थरांतल्या चित्रांची तुलना कोळ्याचा इवलासा मेंदू नेमकी कशी करतो, हा प्रश्न त्या प्रयोगाच्या कक्षेबाहेरचा होता.

या पद्धतीला एक अंगभूत मर्यादा आहे आणि ती साध्या आकडेमोडीतून दिसते. समजा, भिंगाचे नाभीय अंतर अर्धा मिलिमीटर आहे. माशी फार दूर असेल तर तिचे चित्र नाभीपाशीच पडेल. माशी ६ सेंटिमीटरवर आली की चित्र सुमारे ४ मायक्रोमीटर मागे सरकेल (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ३ सेंटिमीटरवर आली की सुमारे ८, आणि १ सेंटिमीटरवर आली की सुमारे २५. म्हणजे ६ वरून ३ सेंटिमीटरवर येताना चित्र फक्त ४ मायक्रोमीटर हलते, आणि ३ वरून १ वर येताना १७. माशी दूर असताना तिने तीन सेंटिमीटर अंतर कापले तरी धूसरपणात फरक पडतो तो नाममात्र. जवळ असताना मिलिमीटरभर हालचालही ठसठशीत उमटते. धूसरपणाची पट्टी जवळच्या अंतरांसाठी बारीक खुणांची आहे आणि लांबच्या अंतरांसाठी जवळजवळ कोरी.

इथे डोळा आणि दबा धरण्याची कला एकमेकांना येऊन भिडतात. कोळी एवढ्या जवळ जाऊन मगच उडी मारतो याचे कारण पायांच्या ताकदीपुरतेच नसावे; त्याची पट्टी जिथे विश्वासाने वाचता येते, तिथे त्याला आधी पोहोचावे लागते, असे मला वाटते. न्यूझीलंडच्या लिन फोर्स्टर यांनी या कुळातल्या कोळ्यांच्या शिकारीचे टप्पे नोंदवले आहेत, आणि थोडा धीर धरला तर ते घरच्या भिंतीवरही ओळखता येतात. आधी बाजूच्या किंवा मागच्या डोळ्याला हालचाल दिसते आणि कोळी एका झटक्यात संपूर्ण अंग त्या दिशेला वळवतो. आता माशी मुख्य डोळ्यांसमोर आहे. मग तो तिच्याकडे भराभर चालत जातो, थांबतो, पुन्हा चालतो. अंतर कमी झाले की चाल बदलते. अंग भिंतीला जवळजवळ टेकते, पाय इतके हळू उचलले जातात की तो सरकतो आहे की नाही हे कळायला मागचा एखादा डाग लक्षात ठेवावा लागतो. माशीने पंख झाडले, दिशा बदलली, की तो जागच्या जागी गोठतो. भक्ष्य पाहूनही तो आपले वागणे बदलतो. उडून जाऊ शकणाऱ्या माशीवर तो तुलनेने दुरून झेपावतो. पळू न शकणाऱ्या अळीच्या अगदी जवळ जातो.

शेवटी तो थांबतो, पोटाचे टोक भिंतीला टेकवून रेशमाचा एक धागा चिकटवतो, पुढचे पाय उचलतो आणि झेप घेतो. पाय सरळ करण्यासाठी आपल्याला स्नायू असतात. कोळ्याच्या पायांच्या काही मुख्य सांध्यांत तसे स्नायूच नसतात. तो अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय ताणतो. बहुतेक जातींत उडीचा मुख्य रेटा मागच्या पायांचा असतो. मात्र सगळे बळ द्रवाच्या दाबातूनच येते का, यावर मतभेद आहेत. मँचेस्टर विद्यापीठात २०१८ साली याच कुळातल्या फिडिपस रेगियस या मोठ्या कोळ्याच्या उड्या वेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्या गेल्या. त्या संशोधकांच्या हिशेबाने पायांतले स्नायू एकटेच त्या उड्यांना पुरेसे होते. त्याच अभ्यासात दिसले की जवळची उडी कोळी सपाट आणि वेगाने मारतो. त्यात शक्ती जास्त खर्च होते, पण माशीला सावध व्हायला वेळ मिळत नाही.

चिकटवलेला धागा फक्त पडण्यापासून वाचवतो असे आधी मानले जाई. तैवानमधल्या संशोधकांनी २०१३ साली हसारियस अ‍ॅडन्सोनीच्याच उड्यांचे चित्रण करून आणखी एक गोष्ट दाखवली. धागा सोडत उडालेला कोळी हवेत अंगाचा कल सांभाळतो आणि नीट पायांवर उतरतो. धागा सोडू न शकणारे कोळी हवेत कलंडतात आणि उतरताना अडखळतात. उडताना सुटत जाणाऱ्या धाग्याचा ताण मागून हलका लगाम घालतो. जाळे सोडून दिलेल्या कोळ्याने रेशमाचा उपयोग असा शिकारीतच पुन्हा आणला आहे.

धूसरपणावरून अंतर मोजण्याची ही रीत आता माणसानेही उचलली आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१९ साली एक सपाट, अतिसूक्ष्म नक्षीचे भिंग बनवले. ते एकाच क्षणी एकाच दृश्याची दोन चित्रे शेजारी शेजारी पाडते, दोन्हींचा धूसरपणा वेगवेगळा. मग त्या दोन चित्रांची तुलना करून संगणक प्रत्येक ठिकाणचे अंतर काढतो. प्रेरणा उडी मारणाऱ्या कोळ्याकडून घेतली, हे त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच नमूद केले आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत जळमटे काढताना एक ध्यानात असू द्या. कोपऱ्यातली जळमटे दुसऱ्या कोळ्यांची असतात. भिंतीवर थांबत-थांबत चालणारा, मधूनच वळून तुमच्याकडे पाहणारा हा आखूड पायांचा कोळी घरात जाळे लावत नाही. तो दिवसा शिकार करतो, माशा आणि छोटे किडे खातो आणि माणसाला त्याचा धोका नाही. तो दिसला तर केरसुणी क्षणभर बाजूला ठेवा, हातभर अंतरावर स्थिर उभे राहा आणि जवळ माशी असेल तर त्याची चाल कुठे मंदावते ते बघा. मंदावली की झेप फार लांब नाही.